ईसीजीच्या कडा : उलटसुलट फिल्टर आणि शेवटच्या ठोक्याचा खोटा एसटी

३ फेब्रुवारी २०२५

साठवलेल्या ईसीजींमधून प्रत्येक ठोक्याची एसटी पातळी, म्हणजे मुख्य उसळीनंतरच्या एसटी भागाची तिच्या आधीच्या पीआर भागाच्या तुलनेतली उंची, मोजणारी स्क्रिप्ट आमच्याकडे आधीपासून आहे. नोंदी १० सेकंदांच्या. श्वासोच्छ्वासाने आणि रुग्णाच्या हालचालीने बेसलाइन वरखाली तरंगते, म्हणून मोजण्याआधी ०.५ हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर `filtfilt`ने लावला जातो. म्हणजे एकदा पुढून मागे आणि मग उलटा, मागून पुढे.

आज डॉक्टरांनी स्क्रिप्टने खूण केलेल्या नोंदींची यादी परत पाठवली. त्यांचा शेरा एका ओळीचा आहे: "यातल्या बऱ्याच ठिकाणी फक्त शेवटच्याच ठोक्यात एसटी खाली गेलाय. हृदयाला नोंद कधी संपणार हे माहीत नसतं." शेरा खवचट आहे, पण मुद्दा बिनतोड आहे. ठोका नेमका शेवटचा असण्याला काहीच वैद्यकीय कारण नाही, तेव्हा दोष गणिताकडे शोधायला हवा.

फिल्टर नोंदीच्या कडांशी नक्की काय करतो ते या रोजनिशीत शोधून काढायचं आहे.

४ फेब्रुवारी

आधी एक प्रश्न निकालात काढला. उलटसुलट फिल्टर काढून साधा एकाच दिशेचा लावला तर भानगडच मिटणार नाही का, असं सहकारी विचारत होती. नाही मिटणार. का नाही, ते आकड्यांत पाहिलं.

तपासासाठी बनावट ईसीजी केला, म्हणजे खरं उत्तर हाताशी राहतं. क्यूआरएस, म्हणजे ठोक्यातली मुख्य उसळी, म्हणून १ मिलिव्होल्ट उंच आणि ८० मिलिसेकंद रुंद त्रिकोण, मागून गोलसर टी लहर, मिनिटाला ७५ ठोके. एसटी मुद्दाम पीआरच्या पातळीवरच ठेवला, त्यामुळे दोन्हींतला खरा फरक शून्य आहे.

क्यूआरएसखालचं क्षेत्रफळ ०.०४ मिलिव्होल्ट-सेकंद भरतं. दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ हाय-पास एकाच दिशेने चालवला, तर असा ठोसा बसल्यावर तो लगेच क्षेत्रफळाच्या √2·ωc पट खाली बसतो. ०.५ हर्ट्‌झला ωc = ३.१४, म्हणून पट ४.४४ आणि घसरण सुमारे ०.१८ मिलिव्होल्ट. नेहमीच्या प्रमाणात १ मिलिव्होल्ट म्हणजे कागदावर १० मिलिमीटर. याचा अर्थ सपाट एसटी जवळजवळ दोन मिलिमीटर खाली दिसेल, आणि सगळ्या ठोक्यांत दिसेल. हा फिल्टर भूतकाळच पाहतो. त्यामुळे क्यूआरएसचा हिशोब तो क्यूआरएसनंतरच चुकता करतो, आणि एसटी नेमका तिथेच असतो.

उलटसुलट चालवल्यावर हाच हिशोब दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. एकूण परिणामाचा आलेख क्यूआरएसभोवती सममित आणि माथ्यावर गुळगुळीत असतो. त्या एका क्यूआरएसमुळे पीआर आणि एसटी दोन्ही साधारण ०.०४ मिलिव्होल्टने खाली जातात, पण एकत्र जातात. आपण मोजतो तो दोघांतला फरक, तो शाबूत राहतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सहयोगी संस्थांच्या २००७ सालच्या शिफारशींत हाच भेद आहे. साध्या फिल्टरला खालची मर्यादा ०.०५ हर्ट्‌झ, पण फेज न बिघडवणाऱ्या डिजिटल फिल्टरला ०.६७ हर्ट्‌झपर्यंत मुभा. ०.६७ हर्ट्‌झ म्हणजे मिनिटाला ४० ठोके, त्यामुळे आकडाही हवेतून आलेला नाही.

उलटसुलट पद्धत राहणार. पलंगाजवळच्या चालू मॉनिटरवर ती जमत नाही, कारण तिला भविष्यातले नमुने लागतात. आमच्या नोंदी साठवलेल्या आहेत, तेव्हा ती अडचण नाही.

५ फेब्रुवारी

कटऑफचं छोटं काम. दोनदा चालल्यामुळे फिल्टरच्या प्रतिसादाचा वर्ग होतो आणि कटऑफवर ३ ऐवजी ६ डेसिबल घट मिळते. ०.५ ला आखलेल्या दुसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थचा ३ डेसिबलचा बिंदू प्रत्यक्षात ०.६२ हर्ट्‌झवर सरकतो. खरोखर ०.५ हवा असेल तर आखताना ०.८०२ ने गुणून ०.४०१ द्यायचा. हा गुणक दुसऱ्या ऑर्डरपुरता आहे, ऑर्डर बदलली की तोही बदलतो. सूत्र `(sqrt(2)-1)**(1/(2*n))`. लो-पास असेल तर गुणायच्या जागी भागायचं.

```python
from scipy.signal import butter, sosfiltfilt
sos = butter(2, 0.401, 'highpass', fs=360, output='sos')
y = sosfiltfilt(sos, x)
```

`b, a` सोडून `sos` घेतलंय. इतक्या खालच्या कटऑफला फिल्टरचे पोल १ ला अगदी खेटून बसतात आणि ऑर्डर वाढवली की `b, a` रूपातले गुणांक अचूकता गमावतात. दुसऱ्या ऑर्डरला फरक पडत नाही, पण उद्या कोणी चौथी करील.

७ फेब्रुवारी

आता कडा. वरच्या कोडमधल्या तिसऱ्या ओळीत आतून काय होतं ते वाचलं. नोंदीच्या दोन्ही टोकांना थोडा बनावट भाग जोडला जातो, फिल्टर त्यावरून चालतो आणि शेवटी तो भाग कापून टाकला जातो. न सांगितल्यास जोडणी "विषम" असते. टोकाचा नमुना खुंटी धरून सिग्नल त्याभोवती १८० अंशांत फिरवला जातो, म्हणजे नवा नमुना = `2*x[0] - x[k]`. बनावट भागाच्या पहिल्या नमुन्याची पातळी अनंत काळापासून तशीच होती असं धरून फिल्टरची सुरुवातीची अवस्था बसवली जाते.

जोडणीची लांबी मात्र ठरते गुणांकांच्या संख्येवरून: तिप्पट. दुसऱ्या ऑर्डरला गुणांक ३, म्हणून लांबी ९ नमुने. कटऑफ १०० हर्ट्‌झ असो की ०.४, उत्तर ९ च.

सेकंदाला ३६० नमुने असतील तर ९ नमुने म्हणजे २५ मिलिसेकंद. आणि आमच्या फिल्टरला शांत व्हायला किती लागतं? ०.४०१ हर्ट्‌झला ωc = २.५२, म्हणून त्याचा ऱ्हास-दर σ = ωc/√2 = १.७८ प्रति सेकंद. धक्का एक टक्क्यावर यायला साधारण २.६ सेकंद, म्हणजे ९३० नमुन्यांच्या आसपास. जिथे ९३० हवेत तिथे ९ आहेत, आणि प्रोग्राम कसलीही सूचना देत नाही. कटऑफ वरचा असताना ९ नमुने पुरतात, त्यामुळे बऱ्याच जणांना हे कधी टोचतच नाही. बेसलाइन काढायच्या फिल्टरमध्ये मात्र टोचलंच पाहिजे.

१० सेकंदांच्या नोंदीत दोन्ही बाजूंचे २.६ सेकंद संशयित धरले तर मधे पाचसुद्धा उरत नाहीत. कडेचे ठोके टाकून देऊ, हा सोपा उपाय त्यामुळे बाद. अर्धी नोंद जाईल.

१० फेब्रुवारी

बनावट ईसीजीवर टोकाचा नमुना वेगवेगळ्या जागी पाडून पाहिलं. टोक टीपी भागात, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या सपाट जागी पडलं तर फारसं काही बिघडत नाही. टोक टी लहरीच्या शिखरावर पडलं की खेळ सुरू होतो.

फिल्टरच्या दृष्टीने बेसलाइन ही स्थानिक सरासरी असते. टोकाचा नमुना त्या सरासरीच्या v इतका वर असेल, तर छोट्या जोडणीमुळे फिल्टर समजतो की नोंदीबाहेर कायम v चीच पातळी होती. मग नोंदीत शिरल्याबरोबर त्याला v ची पायरी उतरल्यासारखं वाटतं आणि तो ती "दुरुस्त" करतो. कागदावर गणित केलं, तेव्हा डाव्या आणि उजव्या टोकाची उत्तरं वेगळी निघाली (t हे त्या त्या टोकापासूनचं अंतर, सेकंदांत):

```
left :  -(v/2) * exp(-s*t) * cos(s*t)
right:  -v * exp(-s*t) * (cos(s*t) - sin(s*t))
```

इथे s = १.७८. उजव्या टोकाची चूक डाव्याच्या दुप्पट! मला दोन्ही सारख्या येतील असं वाटलं होतं, म्हणून सूत्रं संगणकावर ताडून पाहिली. बरोबर आहेत. डाव्या टोकाची पायरी पुढच्या फेरीत उपटते आणि उलटी फेरी तिच्यावरून पुन्हा फिरून ती निम्मी करते. उजव्या टोकाची पायरी उलट्या फेरीच्या सुरुवातीलाच जन्मते, त्यानंतर तिच्यावरून कोणीच फिरत नाही.

आता डॉक्टरांच्या शेऱ्याकडे. टी शिखर सरासरीच्या ०.३ मिलिव्होल्ट वर ठेवलं आणि नोंद तिथेच संपवली. शिखराशी लहर जवळजवळ सपाट असते, तेव्हा v = ०.३ धरायला हरकत नाही. शेवटचा क्यूआरएस टोकाच्या ०.३ सेकंद आधी आहे. एसटी मोजायची जागा टोकापासून सुमारे ०.२ सेकंदांवर येते आणि पीआर ०.४ वर.

०.२ वर चूक −०.१२४ मिलिव्होल्ट. ०.४ वर −०.०१५. फरक ०.११.

म्हणजे शून्य एसटी असलेल्या शेवटच्या ठोक्यात एक मिलिमीटरहून थोडी जास्त खोटी घसरण. स्क्रिप्टचा उंबरठा ०.१ मिलिव्होल्ट आहे. यादी कशी तयार झाली ते यात आलं, आणि ती शेवटच्याच ठोक्यांची का, पहिल्यांची का नाही, तेही. सुरुवात टी शिखरावर पडली तर त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण ठोक्यात हा फरक जेमतेम +०.०३ येतो. तो उंबरठ्याखाली राहतो, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. बरोबर आहे म्हणून नव्हे.

११ फेब्रुवारी

कालचं सहकारीला दाखवलं. तिचं म्हणणं, "मग `padlen` वाढव की! तीन सेकंदांचं कर, विषय संपला." कोणीही हेच म्हणेल. केलं, १०८० नमुने.

टोक टी शिखरावर असताना सुरुवातीची चूक वाढली. दुप्पट झाली.

कारण खुंटीत आहे. विषम जोडणी `2*x[0] - x[k]` अशी असल्यामुळे जोडलेल्या भागाची सरासरी खऱ्या सरासरीच्या v नव्हे, तर 2v वर बसते. जोडणी ९ नमुन्यांची असताना सिग्नलला शिखरावरून उतरायला वेळच मिळत नव्हता, म्हणून फिल्टरला v दिसत होतं. तीन सेकंद दिले की पूर्ण 2v दिसतं. डाव्या कडेची चूक −०.१५ वरून −०.३ वर गेली.

टोक आर शिखरावर, म्हणजे क्यूआरएसच्या माथ्यावर पडलं तर हे आणखी भडक होतं. शिखर सरासरीच्या १ मिलिव्होल्ट वर असेल तर लांब विषम जोडणीत कडेलाच पूर्ण १ मिलिव्होल्ट चूक, अर्ध्या सेकंदावर ०.२६, मग शून्य ओलांडून १.३ सेकंदांवर +०.०७. सगळी नोंद एका नमुन्याच्या तालावर नाचते, आणि तो नमुना कुठे पडला हे निव्वळ योगायोगावर.

लांब विषम जोडणीचा एक फायदा मान्य करायला हवा: ती उतार पुढे चालू ठेवते. बेसलाइन सरळ रेषेत चढत असेल तर जोडलेल्या भागातही ती तशीच चढते. छोट्या जोडणीत उतार कडेला तुटतो. पण त्या तुटण्याची किंमत काढली तर डाव्या कडेला उतार/(4σ) येते. सेकंदाला ०.२ मिलिव्होल्ट इतक्या चांगल्या तिरक्या बेसलाइनलासुद्धा ०.०२८. म्हणजे पैशाच्या बचतीसाठी रुपया घालवणं. ज्या सिग्नलात टोकाचा नमुना सरासरीजवळच असतो, उदाहरणार्थ हळू बदलणारं तापमान, तिथे विषम जोडणी छान चालते. ईसीजीसारख्या टोकदार सिग्नलात एका नमुन्याला खुंटी मानणं हाच मूळ घोटाळा आहे.

१३ फेब्रुवारी

बनावट सिग्नल पुरे, खरी नोंद घेतली. अडचण एवढीच की १० सेकंदांच्या नोंदीचं "खरं" उत्तर कोणाकडे नसतं. म्हणून लांब नोंद घेऊन तिचा तुकडा कापायचा. अर्ध्या तासाची नोंद सबंध फिल्टर केली की मधल्या कुठल्याही १० सेकंदांचं उत्तर कडांच्या प्रभावाबाहेर असतं. तोच तुकडा आधी कापून मग फिल्टर करायचा आणि वजाबाकी पाहायची.

```python
import wfdb
rec = wfdb.rdrecord('100', pn_dir='mitdb')
x, fs = rec.p_signal[:, 0], rec.fs
```

एमआयटी-बीआयएचच्या संग्रहातली ही १०० क्रमांकाची नोंद. संग्रहात अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, सेकंदाला ३६० नमुने. साठवतानाच त्या ०.१ ते १०० हर्ट्‌झमध्ये गाळलेल्या असल्याने एसटीचं निदान त्यांच्यावरून करायला मी जाणार नाही, पण आमचा प्रश्न वजाबाकीचा आहे, त्याला त्या चालतात.

कापायची जागा एका ठोक्याभर थोडी थोडी सरकवत नेली आणि दर वेळी पहिल्या नमुन्यावरची चूक मांडली. चित्र बघून सहकारी हसायलाच लागली. चुकीचा आलेख म्हणजे उलटा टांगलेला ईसीजी! टी लहरीच्या जागी निम्म्या उंचीची उलटी टी, क्यूआरएसच्या जागी खोल खड्डा. −v/2 या सूत्राचं एवढं ढळढळीत चित्र मिळेल असं वाटलं नव्हतं.

शेवटाकडून तसंच केलं. तोच उलटा ईसीजी, उंची साधारण दुप्पट.

१४ फेब्रुवारी

खरं उत्तर हाती नसताना चूक ओळखायची कशी? उजव्या-डाव्यातल्या फरकाचाच उपयोग होतो. नोंद उलटी करून फिल्टर करा, निकाल पुन्हा सुलटा करा आणि नेहमीच्या निकालातून वजा करा.

```python
d = sosfiltfilt(sos, x) - sosfiltfilt(sos, x[::-1])[::-1]
```

शून्य फेजचा फिल्टर खरोखर तसा असेल तर `d` शून्य यायला हवा. नोंदीच्या मधल्या भागात तो येतो, कडांना येत नाही. जिथून तो शून्याला टेकतो तिथून पुढचा भाग कडेच्या धक्क्याबाहेर आहे, असं नोंदीगणिक पाहता येतं.

ही तपासणी एकाच बाजूने खात्रीची आहे. `d` मोठा असेल तर बिघाड नक्की. पण लांब विषम जोडणी देऊन पाहिली तर `d` जवळजवळ नाहीसा झाला आणि चूक मात्र कालपेक्षा मोठी होती. दोन्ही दिशांनी तीच चुकीची खुंटी धरली की दोघांचं एकमत होणारच.

फ्रेड्रिक गुस्ताफसन यांनी १९९६ साली मांडलेली पद्धत नेमकी याच फरकावर उभी आहे. जोडणी करायचीच नाही. पुढून-मागे आणि मागून-पुढे या दोन निकालांतला फरक कमीत कमी व्हावा अशा सुरुवातीच्या अवस्था सोडवून काढायच्या. सायपायमध्ये `filtfilt(b, a, x, method='gust')`. `sosfiltfilt`मध्ये ही सोय नाही, म्हणून पाचव्या तारखेची `b, a` बद्दलची धास्ती इथे परत येते. दुसऱ्या ऑर्डरला चालवून पाहिलं: आर शिखरावर कापलं तरी त्या एका नमुन्याला खुंटीचा मान मिळत नाही आणि खड्डा गायब होतो. पर्याय म्हणून नोंदवून ठेवतो.

१८ फेब्रुवारी

मला पटलेला उपाय त्याहून साधा आहे: विषम सोडून सम जोडणी, म्हणजे कडेला आरसा धरल्यासारखी. `padtype='even'`, लांबी तीन सेकंद. आरशात ठोके उलटे होत नाहीत, फक्त उलट क्रमाने येतात, त्यामुळे जोडलेल्या भागाची सरासरी आपोआप खऱ्या सरासरीइतकी राहते. टोक आर शिखरावर पडलं तरी अर्ध्या क्यूआरएसला आरशातला अर्धा जोडला जातो आणि एक धड क्यूआरएस तयार होतो.

सम जोडणीची कमजोरी उताराची. चढणारी बेसलाइन आरशात उतरणारी दिसते आणि कडेला कोपरा तयार होतो. किंमत उतार/(2σ), सेकंदाला ०.२ मिलिव्होल्टसाठी ०.०५६. ही छोट्या जोडणीच्या दुप्पट आहे, पण ती फुकटात टाळता येते. आमचा हाय-पास शून्य वारंवारतेवर दोन शून्य बाळगतो आणि दोनदा चालल्यावर चार. म्हणजे तिसऱ्या घातापर्यंतची कुठलीही बहुपदी तो आतल्या भागात पूर्ण पुसून टाकतो. मग फिल्टर करण्याआधीच नोंदीतून एक बहुपदी वजा केली तर अंतिम उत्तर बदलत नाही, फक्त कडांचा कोपरा सौम्य होतो. वजा केलेलं परत मिळवायचीही गरज नाही.

```python
import numpy as np
t = np.linspace(-1, 1, len(x))
x0 = x - np.polyval(np.polyfit(t, x, 3), t)
y = sosfiltfilt(sos, x0, padtype='even', padlen=3*fs)
```

हे लो-पासला लागू नाही. तिथे वजा केलेलं परत मिळवावं लागेल.

कापायची जागा सरकवण्याचा प्रयोग याच्यावर पुन्हा केला. उलटा ईसीजी दिसत नाही. जी चूक उरते ती ठोक्याच्या जागेची: आरशातला ठोका आणि कडेबाहेरचा खरा ठोका कडेपासून एकाच अंतरावर नसतात. बनावट सिग्नलात ती जास्तीत जास्त ०.०३ मिलिव्होल्टच्या घरात येते, आणि ती पीआर आणि एसटी दोन्हींवर जवळपास सारखी बसते. फरक मोजणाऱ्याला एवढं चालतं.

लांब नोंद उपलब्ध असेल तर अर्थात यातलं काहीच करू नये. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेकंद जास्तीचे घ्यावेत, फिल्टर करावं, मग कापावं. खऱ्या नमुन्यांइतकी चांगली जोडणी दुसरी नाही. अर्ध्या तासाची नोंद १०-१० सेकंदांचे तुकडे पाडून फिल्टर करणारा कोड पाहिला की आता पोटात गोळा येतो, दर तुकड्याला दोन कडा.

१९ फेब्रुवारी

एका नोंदीचा निकाल सबंध रिकामा आला. मूळ नोंदीत तार निघाल्यामुळे एक नमुना `NaN` होता. असा फिल्टर मागचं उत्तर पुढे वाहून नेतो, म्हणून पुढची फेरी त्या नमुन्यापासून शेवटापर्यंत सगळं `NaN` करते. उलटी फेरी शेवटापासून सुरू होते, तेव्हा उरलेलंही जातं. खंड लहान असेल तर रेषेने भरायचा, मोठा असेल तर नोंद तिथे दोन भागांत तोडायची आणि नव्या कडा कडा म्हणूनच वागवायच्या.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरांच्या यादीवर नवी आवृत्ती चालवली. फक्त शेवटच्या ठोक्यामुळे खूण झालेल्या नोंदींपैकी ज्या टी लहरीवर संपत होत्या, त्यांच्या खुणा गेल्या. काही राहिल्या. त्या त्यांच्याबरोबर बसून पाहिल्या तेव्हा त्यात एसटी सगळ्याच ठोक्यांत थोडा खाली होता, बाकीचे ठोके उंबरठ्याच्या जरासे अलीकडे होते इतकंच. त्या खुणा राहू द्यायच्या, आणि अहवालात नोंदीचा मध्यक ठोका छापायचा असं ठरलं. पहिल्या आणि शेवटच्या ठोक्यापुढे "कड" असं लिहायचं. ते म्हणाले, "लिहा, पण मोजू नका." मी म्हटलं, मोजू, पण मध्यकात धरणार नाही. यावर तूर्त समझोता.

२४ फेब्रुवारी

नवं काम आलंय: जुन्या कागदी ईसीजींचे स्कॅन. नेहमीच्या छपाईत कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि बारा लीड तीन रांगांत, दर रांगेत चार तुकडे अशा बसवलेल्या असतात, म्हणजे एका लीडला फक्त २.५ सेकंद. खालच्या लयपट्टीवर एकच लीड सलग असते.

आमच्या फिल्टरला शांत व्हायला २.६ सेकंद लागतात. या तुकड्यांना मधला भागच नाही, सगळी कडच आहे. `padlen=3*fs` दिलं तर सायपायच नकार देतो, कारण जोडणी नोंदीपेक्षा लांब चालत नाही. ती कमी करून फिल्टर चालवता येईल, पण मग उत्तरात सिग्नल किती आणि आरसा किती हे सांगता येणार नाही. या स्कॅनना फिल्टर लावणार नाही. प्रत्येक ठोक्याच्या पीआर भागातला एक बिंदू घ्यायचा, त्यांतून रेषा काढायची आणि ती वजा करायची. २.५ सेकंदांत असे तीन ठोके मिळतात, कधी दोनच. दोन असतील तर सरळ रेषा, वक्र नको.

लयपट्टीची लीड सलग १० सेकंद आहे. तिला अठरा तारखेचा कोड जसाच्या तसा लागेल.